परंतुकासकट

माणसाने सूड घेऊ नये असं सांगणाऱ्यांना मी नेहमी एकच प्रश्न विचारते, तुमच्यावर कधी वेळ आली होती का? माझ्यावर आली होती. मी एकोणीस वर्षांची होते आणि भूमापक परिषदेच्या खिडकीसमोर अण्णांचा हात धरून उभी होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या मधे उभं राहून शिव्या खाल्ल्या आणि तरी कुणाच्या बाजूला वीतभर जास्त टाकली नाही. त्या दिवशी ते नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आले होते. नऊ दिवस उशिरा.

उशीर का झाला ते सांगायला त्यांनी आईच्या शस्त्रक्रियेचे कागद आणले होते. ते कागद कुणी उघडलेच नाहीत. आतल्या खोलीतून निबंधक स्वतः बाहेर आले, खिडकीवर चिकटवलेल्या परिपत्रकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "कलमात 'अर्ज करील' असं लिहिलंय. 'जमलं तर करील' असं नाही." अर्जावर 'मुदतबाह्य' असा शिक्का बसला आणि तो अण्णांच्या हातात परत आला. त्याच आठवड्यात नोंदवहीतलं त्यांचं नाव तांबड्या शाईने कापलं गेलं. ना नोटीस, ना सुनावणी.

या निबंधकाला सगळे भूमापक मागून 'करीलसाहेब' म्हणत. कोणत्याही कलमातलं 'करील' सापडलं की तो तिथेच थांबायचा. पुढे 'परंतु' म्हणून अपवाद सांगणारं परंतुक असो, स्पष्टीकरण असो, त्याच्या लेखी ते शेपूट. "परंतुक म्हणजे कामचुकारांची पळवाट," हे त्याचं आवडतं वाक्य होतं. त्याने संपूर्ण अधिनियमाची एक खिशातली वही केली होती, एका कलमाला एक ओळ. परिषदेचं अख्खं कार्यालय त्या वहीवर चालायचं. मूळ अधिनियम कपाटात होता आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं अण्णा जमिनी मोजत राहिले, पण नकाशावर सही दुसऱ्याची. त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरं सही करायची आणि "अण्णा, तुमचं कामच असं आहे, डोळे मिटून सही करतो" म्हणायची. ती कौतुकाने म्हणायची. अण्णा हसायचे आणि घरी येऊन साखळी, फीत, दुर्बीण पुसत बसायचे. आई गेली त्या वर्षी त्यांनी दुर्बिणीची पेटी माळ्यावर टाकली. खिडकीवरच्या त्या दिवसापासून मला करीलसाहेबाचं काहीतरी वाईट व्हावं असं वाटायचं. काय वाईट, ते ठरलेलं नव्हतं. मी फक्त वकील झाले.

आता इथे माझी लाज सांगून टाकते, कारण तीही या गोष्टीचाच भाग आहे. वकिली सुरू करून सात वर्षं झाली तरी अण्णांसाठी अपील मी केलं नव्हतं. कलम बावीस म्हणतं, आदेश 'कळवल्यापासून' तीस दिवसांत अपील करावं. मी ते पहिल्याच वर्षी वाचलं आणि हताश होऊन मिटलं. तीस दिवस कधीच उलटून गेले होते. कळवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मी धरून चालले. मराठीत जन्मलेल्या माणसाला 'कळवणं' म्हणजे काय हे वेगळं कशाला सांगायला हवं? गेल्या वर्षी दुसऱ्याच एका अशिलासाठी तो अधिनियम पहिल्या पानापासून वाचत होते तर कलम दोनमधल्या व्याख्यांत ओळ दिसली: 'कळवणे' म्हणजे आदेशाची सही केलेली प्रत नोंदणीकृत डाकेने संबंधित व्यक्तीच्या पत्त्यावर पाठवणे.

मी ती ओळ चार वेळा वाचली. 'म्हणजे' होतं, 'यात समाविष्ट आहे' असं नव्हतं. हा फरक मी ज्युनियरना कितीदा शिकवला होता. 'वाहन यात सायकल समाविष्ट आहे' असं लिहिलं असेल तर मोटारगाडीही वाहनच राहते, व्याख्या फक्त जास्तीचं आत घेते. पण 'वाहन म्हणजे सायकल' असं लिहिलं की मोटारगाडी बाहेर, मग तिला कितीही चाकं असोत. 'कळवणे' म्हणजे नोंदणीकृत डाक, आणि दुसरं काही नाही. अण्णांना डाकेने कधीच काही आलं नव्हतं. खिडकीतून अर्ज परत देणं हे या अधिनियमात कळवणंच नव्हतं. म्हणजे तीस दिवस अजून सुरूच झाले नव्हते. सात वर्षं मी दुसऱ्यांना व्याख्या आधी वाचायला सांगत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते खाटेवर होते. फुप्फुसं निकामी होत चालली होती, बाजूला प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं, आणि मावशी त्यांच्याशी आणि यंत्राशी सारख्याच रागाने बोलत होती. ते म्हणाले की मुदत आपण खरंच चुकवली होती, उगाच कशाला उकरायचं. मग म्हणाले, "वहीत नाव परत आलं तर बरं वाटेल. मरताना माणूस भूमापक असावा." एवढंच. सुडाबिडाचं त्यांनी नाव काढलं नाही. ते खातं माझ्याकडे होतं.

पण त्यात एक अडचण होती. कलम एकोणीस, पोटकलम दोन: मृत व्यक्तीचे नाव नोंदवहीत पुन्हा दाखल केले जाणार नाही. नुसता आदेश मिळून उपयोग नव्हता, नोंद अण्णांच्या जिवंतपणी व्हायला हवी होती. डॉक्टरांनी महिना सांगितला होता. मी न्यायाधिकरणात अपील टाकलं, आजाराचे कागद लावून लवकर सुनावणी मागितली आणि ती मिळाली.

करीलसाहेब मधल्या काळात निवृत्त होऊन परिषदेचे निवडून आलेले अध्यक्ष झाले होते. स्वतःच्या आदेशाची पाठराखण करायला ते न्यायाधिकरणात हजर राहिले, पहिल्या रांगेत, गुडघ्यावर तीच खिशातली वही. आवारात माझ्याजवळ येऊन त्यांनी अदबीने विचारलं की अपीलदार कोण, त्यांना काही आठवत नाही. मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका खिडकीपाशीही आला नव्हता. माणसाचं आयुष्य कापायचं आणि कुठून कापलं तेही लक्षात ठेवायचं नाही.

न्यायाधिकरणावर एक वयस्कर न्यायाधीश बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि सवय अशी की वकिलाने कलम क्रमांक सांगितला की म्हणायच्या, "वाचा. सगळं वाचा." मी कलम चौदा वाचलं. नोंदणी संपण्याआधीच्या तीस दिवसांत भूमापक नूतनीकरणासाठी अर्ज करील. खाली परंतुक: मुदतीनंतर आलेला अर्ज, उशिराला पुरेसं कारण होतं अशी खात्री पटल्यास, निबंधकाला दाखल करून घेता येईल. त्याखाली स्पष्टीकरण: पुरेसं कारण यात स्वतःचं किंवा कुटुंबीयाचं आजारपण येतं. मग पोटकलम दोन: सुनावणीची संधी दिल्याखेरीज कोणाचंही नाव कमी केलं जाणार नाही, आणि तसं केल्यास ती कारवाई शून्य असेल.

परिषदेच्या वकिलाने 'करील' या शब्दावर अर्धा तास भाषण केलं. मी म्हटलं, शब्द एकटा काही ठरवत नाही. वाचनालयाचा नियम घ्या. 'सभासद पंधरा दिवसांत पुस्तक परत करील' एवढंच लिहिलं असेल तर सोळाव्या दिवशी पुस्तक आणणाऱ्याला ग्रंथपाल रागावेल, पण हाकलणार नाही. नियम काम सुरळीत चालावं म्हणून वाट दाखवतो, तो निदेशात्मक. पण पुढे 'न केल्यास सभासदत्व संपेल' असं लिहिलं असेल तर तोच नियम बंधनकारक, कारण चुकल्याचा परिणाम त्यातच सांगितलाय. कलम चौदामध्ये मुदत चुकल्याचा असा परिणाम कुठेच नाही. उलट परंतुक दार उघडं ठेवतं. परिणाम सांगितलाय तो सुनावणी न दिल्याचा: कारवाई शून्य. निबंधकांनी जे सैल होतं ते घट्ट धरलं आणि जे घट्ट होतं ते सोडून दिलं.

बाईंनी परिषदेच्या वकिलाला विचारलं की परिपत्रकाने परंतुक रद्द करता येतं का. तो करीलसाहेबांच्या गुडघ्यावरच्या वहीकडे बघू लागला. करीलसाहेब मात्र सगळा वेळ टिपणं घेत होते. 'निदेशात्मक' हा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हा मला गंमत वाटली.

आदेश आमच्या बाजूने झाला. नाव कापल्याचं डाकेने कधी कळवलंच नव्हतं, म्हणून अपील मुदतीत. नाव कमी करणं शून्य, कारण सुनावणी दिलेली नाही. उशिराचं कारण स्पष्टीकरणात बसतं, सबब नाव पुन्हा दाखल करावं. अधिनियमाप्रमाणे हा आदेश अंतिम, वर अपील नाही. सोमवारी सकाळी मी प्रत घेऊन परिषदेच्या कार्यालयात गेले, आवक शिक्का मारून घेतला आणि अध्यक्षांच्या खोलीत नोंदवही समोर ठेवायला लावली. आताचा निबंधक तरुण होता, भला होता, त्याने नोंद आधीच लिहून तयार ठेवली होती. फक्त अध्यक्षांची सही हवी होती. खरं सांगते, तोपर्यंत माझ्या मनात सहीपलीकडे काही नव्हतं.

करीलसाहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "वडिलांची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, बरी नाही. ते म्हणाले, "मी जरा विचार करीन. पंधरा दिवस, महिना."

मी म्हटलं, कलम एकोणीस, पोटकलम एक. आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत अध्यक्ष सही करील.

ते हसले. वही काढून त्यांनी ती ओळ मला दाखवली: 'एकोणीस – सात दिवसांत सही.' मग म्हणाले, "सात दिवस निदेशात्मक आहेत, वकीलबाई. तुम्हीच शिकवलंत. वाचनालयाचं पुस्तक."

महिनाभर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. आजाराचे कागद अर्जाला जोडलेले होते, आणि मृत व्यक्तीचं नाव दाखल होत नाही हे मीच त्या अर्जात लिहिलं होतं. माझ्या हातात अधिनियमाची छापील प्रत होती. त्यात पोटकलम एक पानाच्या तळाशी संपतं, 'सही करील' या शब्दांवर. पान उलटलं की वर लिहिलंय: परंतु, अध्यक्षाने त्या मुदतीत सही न केल्यास, मुदत संपताच ती नोंद झाली असल्याचे मानले जाईल आणि अध्यक्षाचे पद रिक्त झाले असल्याचे मानले जाईल. स्पष्टीकरण: मुदत मोजताना आदेश मिळाल्याचा दिवस वगळण्यात येईल.

परिणाम लिहिलेला होता. दोन-दोन परिणाम. मला फक्त पान उलटायचं होतं, त्यांनी निमूट सही केली असती, आणि अण्णा दुपारच्या औषधाआधी भूमापक झाले असते. मी प्रत मिटली. "साहेब, कलम एकोणीस एकदा मूळ अधिनियमातून पाहून घ्या," एवढं मी म्हटलं, आणि तेच एका ओळीच्या पत्रात लिहून आवकमध्ये दिलं. पाहणार नाहीत याची मला खात्री होती. बारा वर्षांपूर्वी त्या खिडकीवर मी त्या माणसाला ओळखलं होतं.

मंगळवार पहिला दिवस, पुढचा सोमवार सातवा. मी कोर्टात जात होते, कामं करत होते आणि आतून अशी आनंदात होते की मला स्वतःची भीती वाटावी. कुणी माझ्याशी भांडायला आलं तरी मी गोड बोलायची. मावशी म्हणाली, काय गं, लग्न ठरलं की काय तुझं?

शुक्रवारी अण्णांचा श्वास अडकला. रुग्णवाहिका, जिना, तोंडावर मुखवटा. दुपारभर मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. चौथा दिवस. निबंधकाचा नंबर फोनच्या पडद्यावर काढून ठेवला होता. त्याला एवढंच सांगायचं होतं की साहेबांपुढे पान उलट. तासाभरात सही झाली असती. अण्णा गेले तर सगळं गेलं, मानलेली नोंदसुद्धा नाही, कारण मेलेल्याचं नाव कलमाने मानलं तरी दाखल होत नाही. हे सगळं मला कळत होतं. मी अंगठा पडद्यावर ठेवला आणि मला तो 'मुदतबाह्य' शिक्का आठवला, आईच्या कागदांवर न पडलेली नजर आठवली, 'अपीलदार कोण' आठवलं. मी अंगठा उचलला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आजचा दिवस निभावला. नंबर अजून पडद्यावर होता. तरी फोन केला नाही.

शनिवार गेला. रविवारी अण्णांनी डोळे उघडून पाणी मागितलं. सोमवारी मी दिवसभर त्यांचा श्वास मोजत बसले.

मंगळवारी सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या मी निबंधकाला घेऊन अध्यक्षांच्या खोलीत गेले. करीलसाहेब चहा पीत होते. मला बघून म्हणाले की अजून विचार चालू आहे. मी अधिनियम त्यांच्यासमोर ठेवला, कलम एकोणीस काढलं आणि पान उलटलं. परंतुकावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी खिशातली वही काढली, जणू तिथे काही वेगळं लिहिलेलं निघेल.

"हे... परंतुक आहे," ते म्हणाले.

"हो. कामचुकारांची पळवाट," मी म्हटलं.

निबंधकाने आवक शिक्क्याची तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले आणि उपाध्यक्षांना फोन लावायला बाहेर गेला. जाताना दारावरची पाटी काढायची का, असं त्याने अगदी निरागसपणे विचारलं. करीलसाहेब खुर्चीतून उठले नाहीत. खुर्ची त्यांची नव्हती तरी उठले नाहीत. त्यांचा चेहरा मी भरपेट पाहून घेतला. बारा वर्षांची भूक होती ती, लाजायचं कशाला?

दुपारी नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत घेऊन मी रुग्णालयात गेले. अण्णांना नव्या खोलीत हलवलं होतं, उशीला टेकून बसवलं होतं. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलं, नोंदणी क्रमांक वाचला, मग सहीच्या जागी बोट ठेवलं. तिथे सही नव्हती. 'कलम १९ (१), परंतुकान्वये' एवढंच होतं. त्यांनी अधिनियम मागितला. मी टाळायचा प्रयत्न केला, पण आयुष्यभर दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास न ठेवलेला माणूस तो. त्यांनी कलम एकोणीस पहिल्या अक्षरापासून वाचलं, पान उलटलं, परंतुक वाचलं, स्पष्टीकरण वाचलं, पोटकलम दोन वाचलं. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"हे मागचं पान तू पहिल्या दिवशीच वाचलेलं होतंस?"

"हो."

"त्याला दाखवलं असतंस तर?"

"त्याच दिवशी सही झाली असती."

त्यांनी अधिनियम मिटून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "आणि शुक्रवारी मी गेलो असतो तर?"

"तर मी हरले असते, अण्णा."

"तू नाही," ते म्हणाले. "मी हरलो असतो. नाव माझं होतं."

मला रडू आलं. मी माफी मागितली, खरोखर मनापासून मागितली, आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांनी नोंदीची प्रत घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि डोळे मिटले. मी खुर्चीत बसले होते, मला स्वतःची लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या शेजारीच, अजिबात न हलता, करीलसाहेबाचा तो चेहरा बसला होता, आणि तो मला अजूनही आवडत होता.